गडचिरोली वगळता येईल का?
रेषेपासून दूरचा बिंदू, त्याचे वजन आणि त्याला काढण्याचा अधिकार

विदर्भातील जिल्ह्यांची आकडेवारी घेऊन लिहिलेल्या प्रबंधांत आणि अहवालांत एक वाक्य मला वारंवार भेटते : 'गडचिरोली जिल्हा आउटलायर असल्यामुळे विश्लेषणातून वगळला आहे.' वाक्य तळटीपेत असते, आणि पुढची पन्नास पाने उरलेल्या दहा जिल्ह्यांवर उभी असतात. मी संख्याशास्त्राचा शिक्षक आहे. त्या वाक्यापाशी मी थांबतो, कारण त्यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळलेले असतात. हा बिंदू निष्कर्ष हलवतो का, हा पहिला. त्याला काढून टाकण्याचा आपल्याला अधिकार आहे का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर गणित देते. दुसऱ्याचे गणित देत नाही, आणि ते गणिताकडून मिळाल्यासारखे दाखवले की गफलत होते.

दोन्ही प्रश्न एकाच उदाहरणावर तपासू. विदर्भाचे अकरा जिल्हे आणि २०११ च्या जनगणनेतले दोन आकडे घेऊ : लोकसंख्येची घनता, म्हणजे दर चौरस किलोमीटरला माणसे, आणि सात वर्षे व त्यावरील लोकांतील साक्षरतेचे शेकडा प्रमाण.

| जिल्हा | घनता | साक्षरता (%) |
|---|---|---|
| गडचिरोली | ७४ | ७४.४ |
| चंद्रपूर | १९३ | ८०.० |
| यवतमाळ | २०४ | ८२.८ |
| वर्धा | २०६ | ८७.० |
| अमरावती | २३७ | ८७.४ |
| वाशीम | २४४ | ८३.३ |
| गोंदिया | २५३ | ८५.० |
| बुलडाणा | २६८ | ८३.४ |
| भंडारा | २९४ | ८३.८ |
| अकोला | ३२० | ८८.१ |
| नागपूर | ४७० | ८८.४ |

वस्ती विरळ असेल तर शाळा लांब पडते, शिक्षक टिकत नाही, रस्ता पावसाळ्यात बंद होतो. म्हणून घनता आणि साक्षरता यांचा काही संबंध असावा, ही कल्पना वावगी नाही. घनता हे त्यामागचे एकमेव कारण आहे असा दावा मात्र इथे नाही. या अकरा बिंदूंमधून लघुतम वर्ग पद्धतीने सरळ रेषा काढली, म्हणजेच रिग्रेशन (पुस्तकी मराठीत समाश्रयण) केले, तर घनता शंभराने वाढली की साक्षरता ३.२ टक्के-बिंदूंनी वाढते असे दिसते. जिल्ह्याजिल्ह्यांतील साक्षरतेच्या फरकापैकी ५८ टक्के भाग ही रेषा सांगते. अहवालात छापायला हे पुरेसे देखणे आहे.

आता गडचिरोली काढा आणि रेषा पुन्हा काढा. ३.२ चे २.० होते, ५८ टक्क्यांचे ३४ टक्के होतात, आणि 'पाच टक्के पातळीवर अर्थपूर्ण' हा शिक्काही जातो. गडचिरोली परत ठेवून नागपूर काढले तर उतार ४.८ होतो. म्हणजे एक जिल्हा आत-बाहेर केला की उत्तर २.० ते ४.८ यांमध्ये कुठेही नेता येते. हे कळल्यावर तळटीपेतले ते वाक्य निरुपद्रवी राहत नाही.

रेषेपासूनचे अंतर फसवते

संशयास्पद बिंदू शोधताना पहिली नजर जाते ती अवशेषाकडे : प्रत्यक्ष साक्षरता वजा रेषेने सांगितलेली साक्षरता. आपल्या रेषेवर सर्वांत मोठा अवशेष कोणाचा? वर्ध्याचा. रेषा म्हणते ८२.५, प्रत्यक्षात ८७.०, म्हणजे साडेचारने वर. दुसरा अमरावती, ३.९ ने वर. गडचिरोली तिसरा, ३.८ ने खाली. नागपूरचा अवशेष तर फक्त २.६.

केवळ अवशेष बघणारा माणूस वर्ध्याकडे बोट दाखवील. पण वर्धा काढून बघा : उतार ३.२ चा ३.५ होतो, एवढेच. सगळ्यात दूरचा बिंदू रेषेला जेमतेम हलवतो, आणि त्याच्यापेक्षा जवळचे दोन तिला पार वळवतात. याचे कारण बिंदू आडव्या अक्षावर कुठे बसला आहे, यात आहे.

सब्बल लावून धोंडा उचलताना टेकूपासून लांब धरले की थोड्या जोराने काम होते. टेकूजवळ धरून कितीही दाबले तरी धोंडा हलत नाही. रिग्रेशनच्या रेषेचा टेकू म्हणजे आडव्या अक्षावरची सरासरी, इथे २५१. वर्धा २०६ वर, टेकूच्या अगदी जवळ. गडचिरोली ७४ वर आणि नागपूर ४७० वर, म्हणजे सब्बलीची दोन टोके. इंग्रजीत या गुणाला लिव्हरेज म्हणतात, आणि मराठी वर्गांतही तोच शब्द रुळला आहे. एका चलाच्या रिग्रेशनमध्ये ते काढणे सोपे आहे : बिंदूचे सरासरीपासूनचे अंतर घ्या, त्याचा वर्ग करा, सगळ्यांच्या अशा वर्गांच्या बेरजेने भागा आणि त्यात एक भागिले बिंदूंची संख्या मिळवा. अकरांची बेरीज नेहमी दोन येते, कारण रेषेला दोनच संख्या लागतात, उतार आणि उंची. म्हणजे सरासरी वाटा ०.१८. वर्ध्याचा वाटा ०.११, गडचिरोलीचा ०.४२, नागपूरचा ०.६०. सरासरीच्या दुपटीपुढे, इथे ०.३६ च्या पुढे गेलेल्या बिंदूकडे लक्ष द्यावे असा संकेत आहे. दोघेही त्यापुढे आहेत.

या हिशेबात साक्षरतेचा आकडा कुठेच आला नाही, हे लक्षात ठेवावे. लिव्हरेज म्हणजे बिंदूची ताकद. ती वापरली गेली की नाही, हे अजून कळायचे आहे. टोकाला बसलेला बिंदू इतरांच्या रेषेवरच पडत असेल तर तो उलट रेषेला घट्ट धरतो, आणि असा बिंदू मोलाचा असतो.

ओढून घेतलेली रेषा

ताकदवान बिंदूची आणखी एक खोड आहे. तो रेषेला स्वतःकडे ओढतो आणि त्यामुळे त्याचाच अवशेष लहान दिसतो. म्हणून कच्च्या अवशेषांची सरळ तुलना न्यायाची नसते. खरा प्रश्न असा विचारायचा : हा जिल्हा बाजूला ठेवून उरलेल्या दहांवरून रेषा काढली असती, तर तिने या जिल्ह्याबद्दल काय सांगितले असते? त्यासाठी रेषा पुन्हा काढावीही लागत नाही. अवशेषाला 'एक वजा लिव्हरेज' ने भागले की उत्तर मिळते. गडचिरोलीचे ३.८ भागिले ०.५८, म्हणजे ६.७. दहा जिल्ह्यांची रेषा गडचिरोलीत ८१.१ टक्के साक्षरता अपेक्षिते. प्रत्यक्षात आहे ७४.४. नागपूरचे २.६ भागिले ०.४०, म्हणजे ६.६, दहा जिल्ह्यांची रेषा तिथे ९५ टक्के सांगते, आहे ८८.४. वर्ध्याचे साडेचार फक्त ५.१ होतात. क्रम उलटला.

६.७ हा फरक मोठा म्हणायचा की नाही, हे ठरवायला मापाची काठी हवी. ती काठी म्हणजे बाकीचे जिल्हे रेषेभोवती साधारण किती विखुरले आहेत ते. ज्या बिंदूची परीक्षा चालू आहे त्यालाही त्या विखुरण्यात मोजले तर काठी त्याच्याच चुकीने लांबते, म्हणून त्याला बाजूला ठेवून काठी बनवतात. अशा काठीने मोजलेल्या अवशेषाला स्टुडंटाइज्ड अवशेष म्हणतात. नावाचा विद्यार्थ्यांशी संबंध नाही. डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कंपनीत काम करणारे विल्यम गोसेट यांनी १९०८ साली 'स्टुडंट' या टोपणनावाने जो निबंध लिहिला, त्यातून हे नाव आले.

गडचिरोलीचा स्टुडंटाइज्ड अवशेष उणे २.१५ येतो, वर्ध्याचा १.९७, नागपूरचा उणे १.६३. 'दोनच्या वर म्हणजे आउटलायर' असा ठोकताळा अनेकांनी पाठ केलेला असतो, आणि त्याच बळावर गडचिरोलीचे नाव खोडले जाते. पण एवढ्या थोड्या बिंदूंत हा उंबरठा २.३ च्या आसपास येतो, आणि तोही कोणता जिल्हा तपासायचा हे आधीच ठरवले असेल तर. आपण अकराही जिल्हे चाळून सर्वांत विचित्र तो निवडला आहे. अकरा जणांतून सर्वांत उंच माणूस निवडून 'हा सरासरीपेक्षा उंच निघाला' असे आश्चर्य करण्यासारखे ते झाले. त्या निवडीची भरपाई करून हिशेब केला तर उंबरठा जवळजवळ चारवर जातो. गडचिरोली त्याच्या खूप अलीकडे आहे. म्हणजे कसोटीच्या भाषेत गडचिरोली आउटलायर ठरतच नाही.

मग तो रेषेला एवढा हलवतो कसा? ताकद आणि अंतर, दोन्ही मध्यम प्रमाणात एकत्र आल्यामुळे. या दोहोंचा गुणाकार एका आकड्यात आणण्याची रीत मिनेसोटा विद्यापीठातील आर. डेनिस कुक यांनी १९७७ मध्ये मांडली. त्याला कुकचे अंतर म्हणतात. बिंदू काढल्यावर सगळीच भाकिते मिळून किती सरकतात, ते हा आकडा सांगतो. एकच्या वर गेला की सावध व्हावे, अशी वहिवाट आहे. नागपूर १.७, गडचिरोली १.२, वर्धा ०.२. सर्वांत प्रभावी बिंदू गडचिरोली नसून नागपूर आहे. पण 'नागपूर वगळला' असे वाक्य मी कुठल्याही प्रबंधात वाचलेले नाही. मागास म्हणून ज्याची ओळख आहे तो जिल्हा चटकन 'अपवाद' वाटतो, उपराजधानीचा जिल्हा वाटत नाही. गणिताला हा भेद माहीत नाही.

हे दोघे एकमेकांविरुद्ध ओढतात, हेही पाहावे. गडचिरोली रेषेला उभी करतो, नागपूर आडवी करतो. दोघांना एकदम काढले तर उतार २.७ होतो, म्हणजे मूळच्या ३.२ पासून फार दूर नाही. पण आता रेषा फरकाचा जेमतेम २० टक्के भाग सांगते आणि तिच्यावर विसंबावे असे काही उरत नाही. एकेक बिंदू काढून पाहणाऱ्या तपासणीला अशा जोड्या नीट दिसत नाहीत, म्हणून जोडीनेही काढून पाहावे लागते. अर्थ एवढाच : मधले नऊ जिल्हे घनतेबद्दल फारसे काही बोलत नाहीत. जे काही कळते आहे ते टोकाच्या दोघांकडून.

काढण्याचा अधिकार

आता दुसरा प्रश्न. मी विद्यार्थ्यांना तीन पायऱ्या सांगतो, आणि त्या याच क्रमाने चढायला लावतो.

पहिली पायरी : आकडा चुकला आहे का? मूळ कागदाकडे जावे. गडचिरोलीची लोकसंख्या १० लाख ७२ हजार ९४२, क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर. भागाकार ७४ येतो. नोंदीत चूक नाही. चूक सापडली असती तर ती दुरुस्त करायची, आणि दुरुस्त होण्यासारखी नसेल तरच बिंदू काढायचा. या कारणाने काढलेल्या बिंदूबद्दल कोणी वाद घालणार नाही.

पण नोंद बरोबर असूनही माप चुकीचे असू शकते. गडचिरोलीचा सुमारे दोन-तृतीयांश भाग वनाच्छादित आहे, आणि घनतेचा भागाकार जंगलासकट सगळ्या जमिनीने होतो. जंगल वगळून उरलेल्या जमिनीने भागले तर हीच घनता सव्वादोनशेच्या घरात जाते. इतर जिल्ह्यांचेही आकडे वाढतील, पण बुलडाणा, अकोला, वाशीम यांचे थोडेच, कारण तिथे जंगल कमी. म्हणजे गडचिरोलीची सब्बल लांब झाली ती बऱ्याच अंशी आपण 'घनता' कशाला म्हणतो त्यामुळे. यातही भागाकार बदलून मोकळे होता येत नाही : भामरागड, एटापल्लीकडची कितीतरी गावे जंगलाच्या आतच आहेत, आणि शाळेपर्यंतचे अंतर हा प्रश्न असेल तर मधले जंगल त्या अंतरात मोजायलाच हवे. कोणते माप घ्यायचे, हे प्रश्नावरून ठरते. पण ते रेषा काढण्यापूर्वी ठरायला हवे.

दुसरी पायरी : हा बिंदू आपल्या प्रश्नाच्या हद्दीत येतो का? 'विदर्भातील सिंचित कापूस-पट्ट्यातील जिल्हे' असा अभ्यासाचा विषय असेल, तर गडचिरोली सुरुवातीलाच बाहेर राहतो, त्याचा अवशेष कितीही असो. मात्र असा नियम सर्वांना सारखा लागला पाहिजे. 'निम्म्याहून जास्त वन असलेले जिल्हे घेतलेले नाहीत' हा नियम झाला, आणि तो लावला की निष्कर्षही तेवढ्याच जिल्ह्यांपुरता बोलायचा. 'विदर्भाची साक्षरता' असे शीर्षक ठेवून, आकडे पाहिल्यावर एका जिल्ह्याला हद्दपार करणे यात बसत नाही.

हद्दीचा हा प्रश्न गडचिरोलीच्या बाबतीत फारच जिवंत आहे, कारण हा बिंदू १९८२ पूर्वी अस्तित्वातच नव्हता. त्या वर्षी २६ ऑगस्टला चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली वेगळा झाला. २०११ चेच आकडे घेऊन हे दोन जिल्हे कागदावर पुन्हा एक करून पाहा. एकत्र घनता १२७ येते, साक्षरता ७८ च्या थोडी वर. आता दहा बिंदू. नव्या जोडजिल्ह्याचे लिव्हरेज ०.३५, दहा बिंदूंसाठीच्या ०.४० या इशाऱ्याच्या रेषेखाली. उतार ३.२ वरून २.४ वर येतो. एकही माणूस हलला नाही, एकही निरक्षर साक्षर झाला नाही. फक्त नकाशावरची रेघ पुसली, आणि 'आउटलायर'ची कुजबुज थांबली. उलट दिशेने गेलो तर गडचिरोलीचे बारा तालुके वेगळे मोजता येतात. त्यात वडसा-देसाईगंजसारखा दाट वस्तीचा तालुका आहे आणि भामरागडसारखा अतिविरळही. त्या पातळीवर गडचिरोली हा एकटा बिंदू राहत नाही, बिंदूंचा एक थवा होतो.

तिसरी पायरी : चूक बिंदूची की रेषेची? घनता ७४ वरून १७४ झाली तर वस्ती दुपटीहून वाढते, गावे जवळ येतात. ४७० वरून ५७० झाली तर कोणाला कळतही नाही. तरी सरळ रेषा दोन्हीकडे शंभराला ३.२ हाच भाव लावते. शंभराच्या वाढीऐवजी पटीच्या भाषेत विचार करणे इथे जास्त शहाणपणाचे. त्यासाठी घनतेऐवजी तिचा लॉगरिथम घ्यायचा. तसे केल्यावर घनता दुप्पट झाली की साक्षरता ५.४ टक्के-बिंदूंनी वाढते असे येते, आणि रेषा ७३ टक्के फरक सांगते. गडचिरोलीत ती ७५.१ अपेक्षिते, आहे ७४.४. नागपूरला ८९.४ अपेक्षिते, आहे ८८.४. ज्या दोघांवर आउटलायरचा संशय होता ते दोघेही रेषेजवळ येऊन बसले. कुकची अंतरे ०.५ आणि ०.१ झाली. सरळ रेषेवर दोघेही खाली लटकत होते, ते बिंदू बिघडल्यामुळे नव्हे. संबंध वाकलेला होता आणि आपण त्यावर फूटपट्टी ठेवली होती. दोन्ही टोके एकाच बाजूला पडली की ही खूण ओळखावी.

इथे हुरळून जाऊ नये. लॉगच्या मापावर गडचिरोलीचे लिव्हरेज ०.७२ होते, म्हणजे पहिल्यापेक्षाही जास्त. तो काढला तर दुपटीमागची वाढ ५.४ ऐवजी ४.३ येते. उत्तर आता थोडे हलते, पूर्वीसारखे कोसळत नाही. तरी ७४ आणि १९३ यांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात रेषा कशी जाते, याला गडचिरोली हा एकटाच साक्षीदार आहे. एका साक्षीदाराची उलटतपासणी त्याच्याच साक्षीने होत नाही. तिथे तालुक्यांचे आकडेच आणावे लागतील. आणि ही लॉगची रेषाही विदर्भापुरतीच. घनता वीस हजारांच्या घरात असलेल्या मुंबईपर्यंत ती ओढली तर साक्षरता शंभर टक्क्यांच्या वर जाईल.

तीनही पायऱ्या चढून झाल्यावर बिंदू काढायला कारण उरले नाही, तर तो ठेवायचा. आणि तो निष्कर्ष हलवत असेल तर ते लपवायचे नाही. दोन्ही उत्तरे शेजारी-शेजारी छापायची. तळटीपेतल्या त्या एका ओळीच्या जागी मी असा परिच्छेद लिहायला सांगतो : 'अकरा जिल्ह्यांवरून, घनता दुप्पट असल्यास साक्षरता सुमारे ५.४ टक्के-बिंदूंनी जास्त आढळते. हा अंदाज मोठ्या प्रमाणात गडचिरोलीवर अवलंबून आहे; तो वगळल्यास आकडा ४.३ येतो. नोंदीत चूक आढळली नाही. अतिविरळ वस्तीबद्दलचा निष्कर्ष एकाच जिल्ह्यावर आधारलेला असल्याने तालुकानिहाय तपासणी आवश्यक आहे.'

एवढा खटाटोप कशासाठी, असे विचारणाऱ्यांना मी विषयाची आठवण देतो. विरळ वस्तीत शिक्षण पोचवायला जास्त काय लागते, हे ज्या अभ्यासाला सांगायचे आहे, त्याच्याकडे अतिविरळ वस्तीचा एकच जिल्हा आहे. तो काढल्यावर रेषा १९३ पासून सुरू होते. तिच्यावरून गडचिरोलीबद्दल काही बोलायचे म्हणजे न पाहिलेल्या मुलखाबद्दल बोलणे. आणि मघाशी पाहिले तसे, ती सरळ रेषा तिथे ८१ टक्के साक्षरता आहे असे सांगून मोकळी होते. प्रत्यक्षातले जवळजवळ सात टक्के-बिंदू, म्हणजे सुमारे साठ-पासष्ट हजार माणसे, त्या हिशेबात सापडत नाहीत.